हाताला आधी लागलं, तरी गुण कुणाला? (फॉईल, ईपी, सेबर)

शाहूपुरीचा_बाबा
मुलगी बारा वर्षांची आहे, तलवारबाजीला जाते. आता तिला तीनपैकी एक शस्त्र निवडायला सांगितलंय. बाऊट बघताना एक गोष्ट मला काही केल्या उलगडत नाही.

एक खेळाडू हात लांब करून पुढे येतो. समोरचा मागे न सरता त्याच्या पुढे आलेल्या हातालाच मारतो. आधी जागेवरच्याचं लागतं आणि लगेच येणाऱ्याचं छातीला लागतं. फॉईलला असं झालं की गुण येणाऱ्याला. ईपीला जागेवरच्याला. सेबरला तर एकदा याला, एकदा त्याला. हालचाल तीच असून तीन निकाल कसे? आणि तिन्ही पाती वेगवेगळी वाकतात, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

राजारामपुरी_सात
सोपं आहे. फॉईलला फक्त धड, ईपीला डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग, सेबरला कमरेच्या वरचं. फॉईल-ईपीला टोचायचं, सेबरला कापायचं, तिथे टोचलेलं चालत नाही. फॉईल-सेबरमध्ये हल्ला करणाऱ्याला गुण, ईपीत आधी लागेल त्याला. आणि फॉईलला हाताला लागलं की ते झालंच नाही असं धरायचं.

पिस्तवरचा
@राजारामपुरी_सात, बरंचसं बरोबर आहे, पण दोन गोष्टी दुरुस्त करतो.

सेबरला टोकाने मारलेलंही धरतात. धारेने, पाठीने, टोकाने, पात्याचा स्पर्श टार्गेटला झाला की दिवा लागतो. शिवाय कमरेच्या वर म्हणताना हाताचा पंजा वगळायचा. मनगटापर्यंत टार्गेट, त्यापुढे नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फॉईलला हाताला लागलेलं ‘झालंच नाही’ असं धरत नाहीत. पांढरा दिवा लागतो आणि रेफ्री थांबवतो. त्या फटक्याला गुण नसला तरी त्याने खेळ तुटतो. हाताला लागून टोक घसरलं आणि मग छातीला लागलं, तर त्या खेळाडूचा रंगीत दिवा येतच नाही, त्याचं पांढऱ्यावरच संपलं. सेबरला असं काही नसतं. मांडीला वार बसला तर दिवाच लागत नाही आणि खेळ चालू राहतो.

आता मूळ प्रश्न. येणारा म्हणजे ‘अ’ आणि जागेवरचा ‘ब’. समजा ब चा फटका अ च्या हाताला बसला आणि त्यानंतर १०० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाने, अ चं टोक ब च्या छातीला लागलं.

ईपी: मशीन दोन फटके एकत्र धरतं ते साधारण ४० मिलिसेकंदांच्या आत असले तरच. १०० म्हणजे अ ला उशीर झाला. त्याचा दिवा लागतच नाही. ब ला गुण, वादाला जागा नाही.

फॉईल: इथे मशीन पहिल्या फटक्यानंतर ३०० मिलिसेकंद वाट बघतं. त्यामुळे ब चा पांढरा आणि अ चा रंगीत, दोन्ही लागतात. हल्ला अ चा, म्हणजे प्रायोरिटी, गुणावरचा पहिला हक्क, अ ची, आणि तो टार्गेटवर लागलाय. गुण अ ला.

सेबर: इथली वाट १७० मिलिसेकंदांची. १०० त्यात बसतात, दोन्ही रंगीत दिवे लागतात, रेफ्री प्रायोरिटी बघून अ ला देतो. पण हाच फरक २०० मिलिसेकंदांचा असता तर एकट्या ब चा दिवा लागला असता आणि गुण ब ला गेला असता. तुम्हाला सेबरला ‘एकदा याला, एकदा त्याला’ दिसलं ते यामुळेच. डोळ्याला १०० आणि २०० सारखेच वाटतात.

रंकाळ्याचा_कट्टा
म्हणजे फॉईल हे खरं कोल्हापूरचं शस्त्र. तांबडाही आहे आणि पांढराही!

ईपीवाली
@रंकाळ्याचा_कट्टा एकाला तांबडा असेल तर दुसऱ्याला हिरवा असतो, तेवढा रस्सा कुठून आणणार? 🙂

ईपीबद्दल थोडं जोडते. ४० मिलिसेकंदांच्या आत दोघांचं लागलं तर दोघांनाही गुण. ५० च्या पुढे एकालाच. ४० ते ५० च्या मध्ये मशीन दोन्हीपैकी काहीही दाखवू शकतं, नियमातच तेवढी सूट आहे. याचा परिणाम खेळण्यावर होतो. १२–९ ने पुढे असलेल्याला दोघांचे दिवे एकदम लागले तर आवडतात, कारण तीन गुणांचं अंतर तसंच राहतं आणि १५ जवळ येतात. मागे असलेल्याला एकट्याचा दिवा लावावाच लागतो. १४–१४ ला मात्र एकदम लागलेले दोन्ही रद्द, पुन्हा सुरू.

म्हणून ईपीत पहिलं टार्गेट मनगट. ते सगळ्यात पुढे असतं. छातीपर्यंत जायला जो वेळ लागतो त्यात समोरच्याचं टोक तुमच्या हाताला लागून गेलेलं असतं. ईपीचा गार्ड तिघांतल्या टोचण्याच्या शस्त्रांत मोठा का, तर मागचा पंजा झाकायला. फॉईलचा १२ सेंटिमीटरपर्यंत, ईपीचा १३.५ पर्यंत.

शाहूपुरीचा_बाबा
@पिस्तवरचा, आता डोक्यात उजेड पडला. पण हे ३००, ४० आणि १७० आले कुठून? कुणी मनाला येईल ते आकडे ठरवले का?

पिस्तवरचा
नाही. प्रत्येक आकड्यामागे पातं आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

फॉईलचं घेऊ. पूर्वी टोक १ ते ५ मिलिसेकंद दाबलं गेलं तरी दिवा लागायचा. पातं लवचीक, त्यामुळे खेळाडू हात झटकून थांबवायचे, पातं पुढे चाबकासारखं वळायचं आणि टोक समोरच्याच्या खांद्यावरून पाठीला टिचकी मारायचं. पाठ टार्गेटमध्येच येते. तो फटका म्हणजे फ्लिक. टोक क्षणभरच टेकायचं पण तेवढं पुरायचं. पॅरी करायला, म्हणजे आपल्या पात्याने फटका अडवायला, काही उरायचंच नाही, कारण पातं पॅरीच्या वरून वळून जायचं.

२००५ मध्ये नियम बदलला. टोक १३ ते १५ मिलिसेकंद दाबलेलं राहिलं पाहिजे, आणि वाट बघण्याचा वेळ ७५० वरून ३०० वर आणला. टिचकी एवढा वेळ टिकत नाही. सरळ टोचलं की मात्र पातं कमानीसारखं वाकतं, आणि ती कमान टोकाला मागून दाबून धरते. म्हणजे फॉईलचं वाकणं हे अंगाला इजा होऊ नये म्हणून तर आहेच, पण दिवा लागायलाही तेच लागतं. फार कडक पात्याने टोचलं तर टोक उडतं, समोरच्याला दणका बसतो आणि दिवा लागत नाही.

फ्लिक बंद झाली नाही, कमी झाली. टोक नेमकं काटकोनात उतरवणाऱ्याची अजून लागते.

सोल्डरिंग_काका
लवचिकता मोजतात कशी ते सांगतो, कारण पातं विकत घेताना हाताने वाकवून बघणारे फार आहेत. त्याने काही कळत नाही.

पातं आडवं धरायचं, टोकापासून ७० सेंटिमीटरवर घट्ट आवळायचं. टोकापासून ३ सेंटिमीटरवर २०० ग्रॅमचं वजन टांगायचं. वजनाआधी टोक कुठे होतं आणि वजनानंतर किती खाली आलं, ते मोजायचं. फॉईलचं ५.५ ते ९.५ सेंटिमीटर खाली यावं. ईपीचं ४.५ ते ७. सेबरचं ४ ते ७, पण तिथे वजन टोकापासून १ सेंटिमीटरवरच टांगतात.

ईपीचं पातं तिकोनी असतं आणि त्याला मोठी खाच असते, म्हणून ते कडक. हाताला नेम धरायचा असेल तर टोक हलून चालत नाही. फॉईलचं चौकोनी आणि बारीक. सेबरचं पातळ, त्यामुळे ते वार करताना बाजूला वळतं, आणि तीच त्याची कटकट.

राजारामपुरी_सात
मग सेबरचंच पातं सगळ्यात कडक ना? ४ हा आकडा सगळ्यात कमी आहे.

सोल्डरिंग_काका
खालची मर्यादा सगळ्यात कमी, एवढंच त्यातून म्हणता येतं. वजन टोकाच्या जास्त जवळ टांगलंय, म्हणजे तेच पातं ईपीच्या पद्धतीने मोजलं तर अजून थोडं कमी वाकेल. तेव्हा तुमचा मुद्दा निदान या तपासणीपुरता बरोबर आहे. पण ही तपासणी एका जागी टांगलेल्या वजनाची. खेळात पातं दुसऱ्या पात्यावर आपटून पुढे फिरतं. समोरच्याने बरोबर पॅरी केली तरी सेबरचं टोक गार्डवरून वळून हाताला लागतं आणि दिवा लागतो. त्याला व्हिप-ओव्हर म्हणतात. रेफ्रीने पॅरी बघितली असेल तर तो दिवा धरत नाही. न बघितली तर गेला गुण.

पिस्तवरचा
हाच प्रश्न वेळेशीही जोडलेला आहे. सेबरची वाट आधी १२० मिलिसेकंदांची होती, २०१६ मध्ये १७० केली. १२० ला हल्ला येत असताना मध्येच हाताला वार टाकून निसटता यायचं, येणाऱ्याचा दिवा लागायच्या आत मशीन बंद. १७० झाल्यावर येणाऱ्याला थोडी जास्त सवड मिळाली. बचाव करणाऱ्याला आता पॅरी करून उत्तर द्यायचं किंवा खरंच वेळेवर मारून मागे पळायचं, एवढंच उरतं.

ईपीवाली
त्याने हल्ला जास्तच सोपा झाला, असं मला वाटतं. सेबरला एक गुण डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो.

पिस्तवरचा
मला ते पटत नाही. १२० ला बचाव करणाऱ्याचे बरेच गुण नुसते घाईचे होते. पण यावर खेळाडूंमध्येही एकमत नाही, तेव्हा राहू दे.

तालीमवाला
भावांनो, वाकणाऱ्या पात्याचंच बोलताय तर आमचा दांडपट्टा विसरलात की. मर्दानी खेळात पट्ट्याचं पातं किती लवतं बघा. लांबच्या लांब. मग सेबर म्हणजे पट्ट्याचाच भाऊ का? पोरं दोन्ही शिकली तर हरकत काय?

पिस्तवरचा
हरकत काहीच नाही, पण हाताची सवय वेगळी. पट्ट्याला मूठ आडवी धरतात आणि हात कोपरापर्यंत खोबळ्यात असतो, मनगट वळतच नाही. फिरतं ते खांदा, कंबर आणि पाय यांनी. सेबरचा वार अंगठा आणि पहिल्या बोटाने टाकायचा असतो, शेवटी मनगटाची छोटी हालचाल. पट्ट्यासारखा खांद्यातून वार काढला तर दोन गोष्टी होतात. तयारी मोठी झाल्याने समोरच्याला हाताला मारायला वेळ मिळतो. आणि वार जोरात बसतो, ज्याचा काहीच फायदा नसतो. फॉईलला स्प्रिंग ५०० ग्रॅम दाबावी लागते, ईपीला ७५० ग्रॅम. सेबरला दाब मुळीच लागत नाही, नुसता स्पर्श झाला की दिवा.

पायाचंही लक्षात ठेवा. सेबरला पुढे जाताना मागचा पाय पुढच्याच्या पुढे टाकता येत नाही. त्यामुळे फॉईल-ईपीसारखी धावत झेप घेता येत नाही. मर्दानी खेळातल्या पोराचा पाय सवयीने पुढे पडतो आणि कार्ड मिळतं.

तालीमवाला
हे पायाचं मला ठाऊकच नव्हतं. पोरांना सांगतो.

इचलकरंजीची_आई
सगळं वाचलं. म्हणजे एक लामे जॅकेट घेतलं की फॉईल आणि सेबर दोन्हीला चालेल ना? वीज दोन्हीत जॅकेटमधूनच जाते. आमच्या मुलाला अजून ठरवता येत नाहीये.

सोल्डरिंग_काका
नाही ताई, हेच नका करू. लामे म्हणजे टार्गेटचा नकाशा. फॉईलचं लामे बिनबाह्यांचं, कारण हात टार्गेट नाहीत. सेबरचं बाह्यांचं, त्यात मास्कही वीज वाहणारा आणि ग्लोव्हच्या मनगटावरही तसंच कापड. सेबरचं लामे घालून फॉईल खेळला तर हाताला लागलेलं रंगीत दिसेल. उलट केलं तर हाताचे वार दिसणारच नाहीत. ईपीला लामे लागतच नाही, अंगावर कुठेही टोक दाबलं की झालं.

आधी घ्यायचं ते तिन्हीत चालतं: पांढरं जॅकेट, आतलं प्लॅस्ट्रॉन, निकर, मोजे. फॉईल आणि सेबरची बॉडी वायर एकच चालते. ईपीची तीन पिनांची, वेगळी. मास्क, लामे आणि शस्त्र मात्र निवड पक्की झाल्यावरच घ्या. आणि मुलाला लहान नंबरचं पातं घ्या. पाच नंबर म्हणजे ९० सेंटिमीटरचं, ते मोठ्यांचं.

इचलकरंजीची_आई
बरं झालं विचारलं. अजून एक. त्याच्या फॉईलला न लागताच पांढरा दिवा लागतो. बाकीच्यांचं म्हणणं समोरच्याला हाताला लागतंय.

सोल्डरिंग_काका
कुणालाही न लागता पांढरा लागत असेल तर कुठेतरी वायर तुटली आहे. फॉईलचं सर्किट नेहमी बंद असतं आणि टोक दाबलं की उघडतं. तुटलेली वायर मशीनला दाबलेल्या टोकासारखीच दिसते. ईपीचं बरोबर उलटं, दाबल्यावर बंद होतं. म्हणून ईपीची वायर तुटली की दिवा लागायचाच बंद होतो.

करायचं असं. आधी बॉडी वायर बदलून बघा, कारण सगळ्यात जास्त तीच तुटते, प्लगच्या तोंडाशी. पांढरा गेला तर काम झालं. नाही गेला तर शस्त्र बदला. तेव्हा गेला तर दोष पात्यातल्या वायरमध्ये किंवा टोकात. टोकाचे दोन बारीक स्क्रू काढून आत घाण किंवा मोडलेली स्प्रिंग आहे का बघा. मग ५०० ग्रॅमचं वजन टोकावर ठेवून बघा, स्प्रिंगने ते परत वर उचललं पाहिजे.

दुसरी तक्रार असते, छातीला लागतंय आणि दिवा पांढरा. तिथे दोष मारणाऱ्याचा नसतो, लागणाऱ्याच्या लामेचा. मगरीची क्लिप सुटलेली, नाहीतर घामाने कापड मेलेलं. मीटर लावून बघा, लामेच्या कुठल्याही दोन ठिकाणी रोध ५ ओहमच्या आत हवा. बगलेखाली आणि क्लिप लागते तिथे आधी मरतं. धुताना पिळू नका.

राजारामपुरी_सात
ईपीचं टोक तपासायला त्या दोन पट्ट्या असतात, त्या कशाला?

सोल्डरिंग_काका
एक १.५ मिलिमीटरची. ती टोक आणि नळी यांच्यामध्ये बसली पाहिजे, म्हणजे टोकाला पुरेशी चाल आहे. दुसरी ०.५ ची. ती घालून टोक दाबलं तर दिवा लागता कामा नये. लागला तर टोक अर्धवट दाबूनच गुण देतंय. ईपीची आणखी एक गंमत: गार्डला मारलं तर दिवा लागू नये. लागत असेल तर गार्ड गंजलाय. बारीक पॉलिश पेपरने घासा.

शाहूपुरीचा_बाबा
आभार सगळ्यांचे. आता मुलीसाठी. सगळे म्हणतात, आधी फॉईल शिकवा, बाकी आपोआप येतं. खरं का? ती भवानी देवीचं ऑलिंपिक बघून सेबरच म्हणतेय.

ईपीवाली
भवानी देवी सेबरच खेळते, त्यामुळे मुलीचा हट्ट नैसर्गिक आहे. पण फॉईलला छोटं टार्गेट असल्याने टोकावर ताबा येतो, हे खरं. फॉईलवरून ईपीला आलेल्यांची एक सवय मात्र सुटत नाही. ते आपला पुढचा हात उघडा टाकतात, कारण फॉईलला त्याचा गुण जात नाही.

पिस्तवरचा
फॉईल आधी, याला मी बारा वर्षांच्या मुलीसाठी ‘हो’ म्हणेन, पण एका अटीवर. सेबर निश्चित असेल तर वर्षभर फॉईलमध्ये घालवू नका. प्रायोरिटी दोन्हीत आहे, ती समजायला काही महिने पुरतात. सेबरमध्ये हाताला वार वाचवायची सवय उशिरा लागली तर फार त्रास होतो.

तालीमवाला
मी म्हणतो पोरीला जे आवडतं ते द्या. नावडतं खेळवलं तर दोन महिन्यांत घरी बसते.

राजारामपुरी_सात
मी फॉईलच्या बाजूने. पण ‘सेबरला टोचत नाहीत’ हे म्हणणं मागे घेतो.

शाहूपुरीचा_बाबा
शेवटचा प्रश्न. मघाच्या उदाहरणात अ चा हल्ला छातीला न लागता ब च्या मास्कला लागला, आणि ब चं अ च्या छातीला लागलं, तर फॉईलला गुण कुणाला?

पिस्तवरचा
कुणालाच नाही. हल्ला अ चा, तो टार्गेटबाहेर, पांढरा. ब चं रंगीत असलं तरी प्रायोरिटी अ ची होती. पुन्हा त्याच जागी उभं राहायचं. मास्कच्या बिबचा हनुवटीखालचा भाग मात्र टार्गेट आहे, तिथे लागलं असेल तर रंगीत येईल आणि गुण अ ला. मास्कवर लागलं की बिबवर, ते मशीनच ओळखतं. त्यासाठीच मास्कपासून लामेला ती छोटी वायर जोडलेली असते. मुलीची ती वायर क्लिपमधून सुटलेली नाही ना, हे दर बाऊटआधी एकदा बघायला शिकवा.